एक नाव, अनेक माणसे : बहुविश्वकथेतील पात्राची ओळख

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एकाच नावाची, एकाच चेहऱ्याची तीन माणसे एका खोलीत उभी केली तर प्रेक्षकाने कोणाच्या सुखदुःखात गुंतावे? घरोघरी मुले ज्या कथा आज पाहतात, त्यांपैकी पुष्कळशा कथांपुढे हा प्रश्न उभा आहे. या कथांत विश्व एक नसते, अनेक असतात. प्रत्येक विश्वात तोच नायक थोडा वेगळा होऊन जगत असतो आणि एखाद्या अपघाताने ही सारी विश्वे एकमेकांत घुसतात. पालकांना वाटते, हा नुसता गोंधळ आहे. मुलांना मात्र कोण कोणता हे क्षणार्धात कळते. गोंधळ न होण्यामागे लेखकांचे आणि चित्रकारांचे पुष्कळ कष्ट असतात, आणि ते कुठे फळतात, कुठे वाया जातात, हे पाहणे या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

एका पात्राची अनेक रूपे मराठी वाचकाला नवी नाहीत. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’मधला कर्ण हे दोन निराळे पुरुष आहेत. परंतु हे दोन कर्ण एकमेकांना कधी भेटत नाहीत. एक पुस्तक मिटल्यावर दुसरे उघडते. वाचक त्यांची तुलना करील न करील, कर्णाला स्वतःला दुसऱ्या कर्णाची वार्ता नसते. बहुविश्वकथेत नेमके हेच बदलते. तिथे दोन्ही रूपे समोरासमोर येतात, एकमेकांच्या आयुष्यात डोकावतात आणि आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याच्या घरी नांदताना पाहतात. म्हणून तिथे वेगळेपण केवळ शैलीचे असून भागत नाही. ते कथेच्या आत, पात्रांच्या डोळ्यांना दिसावे लागते.

या वेगळेपणाचे मूळ कुठे असावे, याचे उत्तम मराठी उदाहरण जयंत नारळीकरांनी दिले आहे. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका विश्वात जाऊन पडतात, जिथे पानिपतावर मराठ्यांचा जय झाला होता. पंत गोंधळतात, पण पद्धत सोडत नाहीत. ते ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड उलटतात आणि कुठवर सारे ओळखीचे आहे व कुठून अनोळखी होते, ती जागा शोधतात. ती सापडते. विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांना न लागता जवळून निघून गेलेली असते. फाटा एवढाच. पुढचे सारे, मुंबईच्या रस्त्यांवरच्या पाट्यांपासून ते कचेरीत मुलाचे नावच नसण्यापर्यंत, त्या एका गोळीतून निघते. (त्या विश्वातले लोक सभांतल्या लांबलचक भाषणांना विटलेले असतात आणि अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून व्यासपीठावर चढलेल्या पंतांची ते जी संभावना करतात, ती आजच्या प्रसंगी आठवणे वक्त्याच्या हिताचे नाही.)

नारळीकरांच्या कथेत प्रवासी एकच आहे. दुसरे गंगाधरपंत त्यांना सामोरे येत नाहीत. सामोरे आले असते तर कथा निराळीच झाली असती, आणि ती कशी झाली असती हे समजण्यासाठी आता एका चित्रपटाकडे वळायला हवे. ‘स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हा अमेरिकी ॲनिमेशनपट 2018 साली आला आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. त्यात एकाच पडद्यावर स्पायडरमॅनची सात रूपे वावरतात, तरी दहा वर्षांच्या मुलाचीही गफलत होत नाही.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथेचा सांगाडा असा. माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला शाळकरी मुलगा. वडील पोलिसात, आई पोर्तो रिकोच्या वंशाची, परिचारिका, घरात इंग्रजीबरोबर स्पॅनिश बोलणारी. मुलाला हुशारीमुळे एका निवासी शाळेत प्रवेश मिळाला आहे, पण त्याला आपल्या जुन्या वस्तीतल्या शाळेत परत जायचे आहे. म्हणून तो चूक-बरोबरच्या परीक्षेत शून्य गुण मिळवतो. शिक्षिका ते ताबडतोब ओळखते. डोळे मिटून खुणा केल्या तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. सगळी चुकवायची तर सगळी बरोबर उत्तरे ठाऊक असावी लागतात. या मुलाला एक किरणोत्सारी कोळी चावतो. त्याच्या विश्वातला पीटर पार्कर, म्हणजे मूळचा स्पायडरमॅन, त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो, आणि ज्या प्रचंड यंत्रामुळे विश्वांच्या भिंती फुटल्या, त्याच यंत्रातून दुसऱ्या विश्वातला एक पीटर पार्कर येऊन थडकतो.

हा दुसरा पीटर पहिल्यासारखाच दिसायला हवा, कारण तो पीटर आहे. आणि मुळीच तसा दिसता कामा नये, कारण तो निराळा माणूस आहे. चित्रपटाने हा पेच ध्रुवपदाच्या रीतीने सोडवला आहे. आरंभी पहिला पीटर स्वतःची ओळख करून देतो: नाव, कोळ्याचा चावा, 10 वर्षांची एकट्याची कामगिरी, वाचवलेले शहर, जडलेले प्रेम. सारे झपाट्याने, चित्रकथेची पाने उलटावीत तसे. दुसरा पीटर येतो तेव्हा तो त्याच शब्दांनी, त्याच क्रमाने सुरुवात करतो. प्रेक्षक मनात पुढचे वाक्य म्हणू लागतो, आणि तिथेच कडवे बदलते. याची कामगिरी 22 वर्षांची आहे. पैसा चुकीच्या धंद्यात गेला, पाठीचे दुखणे जडले, काकू मे हिचे निधन झाले, मेरी जेनशी घटस्फोट झाला. तिला मूल हवे होते आणि याला त्याची भीती वाटली. आता हा पोट सुटलेला गृहस्थ एका खोलीत पिझ्झा खात पडलेला असतो.

ध्रुवपद आधी ऐकल्याशिवाय कडव्यातला बदल कानाला जाणवत नाही, हे भजनाला बसणाऱ्या कोणालाही सांगायला नको. बहुविश्वकथेत जो भाग समान ठेवला जातो, तोच फरक दाखवण्याचे साधन असतो. नवशिक्या लेखकाची चूक इथेच होते. रूपे वेगळी दिसावीत म्हणून तो सारेच बदलतो आणि मग ती एका पात्राची रूपे न राहता वेगवेगळी पात्रे होतात, ज्यांच्या एकत्र येण्याला अर्थ उरत नाही. उलट टोकाची चूक केवळ पोशाख बदलण्याची. ती ओळखण्याची कसोटी सोपी आहे. डोळे मिटून संवाद ऐकावेत. एका रूपाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातले आणि काही बिघडले नाही, तर ती दोन रूपे नव्हेत, दोन कपडे आहेत.

ग्वेन स्टेसीच्या रूपात हा फाटा फार कल्पकतेने काढला आहे. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ चित्रकथेत पीटरची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडून मरण पावते. पीटर तिला वाचवू शकत नाही. अमेरिकी चित्रकथांच्या वाचकांवर या मृत्यूचा मोठा आघात झाला होता. 2014 साली जेसन लॅटोर आणि रॉबी रॉड्रिग्ज यांनी विचारले, कोळी ग्वेनलाच चावला असता तर? त्यांच्या विश्वात ग्वेन वाचते आणि पीटर मरतो. तिला त्याला वाचवता येत नाही. म्हणजे हानी तीच, फक्त जागांची अदलाबदल झाली. चित्रपटातल्या ग्वेनला पाहताना जुन्या वाचकाच्या मनात एक पूल आणि एक पडणारी मुलगी असते. नव्या प्रेक्षकाला ते ठाऊक नसले तरी ही मुलगी कोणाशी मैत्री करायला का बिचकते, एवढे मात्र नीट कळते. दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना पुरेल अशी ही रचना आहे, आणि ती साधणे अवघड असते.

एवढ्याने रूपे वेगळी झाली. ती अर्थपूर्ण कशी होतात, हा पुढचा आणि अधिक कठीण प्रश्न. बहुविश्वकथेला एक जन्मजात रोग आहे. जिथे प्रत्येक माणसाच्या असंख्य प्रती आहेत, तिथे मरणाला वजन राहत नाही. एक गेला तर दुसऱ्या विश्वातून आणता येतो. प्रेक्षकाला एकदा हे उमगले की तो रडणे थांबवतो. पुष्कळ महागडे चित्रपट या रोगाने निकामी झाले आहेत. मेलेले पात्र पुढच्या भागात दुसऱ्या विश्वातून हसत येते आणि टाळ्या घेऊन जाते.

‘स्पायडर-व्हर्स’च्या कर्त्यांनी हा रोग लपवला नाही, तो खलनायकाच्या हाती दिला. विल्सन फिस्क या धिप्पाड गुन्हेगाराने ते यंत्र कशासाठी बांधले? त्याची बायको व्हनेसा आणि मुलगा रिचर्ड यांनी त्याला स्पायडरमॅनच्या जिवावर उठलेला पाहिले, भेदरून ती दोघे गाडीतून निघून गेली आणि अपघातात दगावली. फिस्कला ती परत हवी आहेत. इतर विश्वांत त्यांच्या प्रती जिवंत आहेत. त्यांतली एक जोडी इकडे ओढून आणली की झाले. अवघे शहर कोसळले तरी चालेल. माणूस दुष्ट आहे, पण त्याचे दुःख खरे आहे, आणि त्याचे गणित हे बहुविश्वकथा पाहणाऱ्या आळशी प्रेक्षकाचेच गणित आहे. ही नाही तर ती.

या गणिताला चित्रपट भाषणाने उत्तर देत नाही. तो त्याशेजारी दोन लहान प्रसंग ठेवतो. पहिला काकू मेच्या दारातला. या विश्वातल्या मेचा पीटर नुकताच गेला आहे. दारात उभ्या असलेल्या पीटरची मे केव्हाच गेली आहे. दोघांपुढे, फिस्कच्या हिशेबाने, नेमकी हवी ती वस्तू आली आहे. म्हातारी त्याला निरखते. हा थकलेला, वयाने थोराड, अंगाने सुटलेला, ढगळ विजार घातलेला माणूस आपल्या पुतण्यासारखा दिसतो आणि आपला पुतण्या नाही, हे ती जाणते. ती त्याला मायेने घरात घेते, पण गेलेल्याच्या जागी बसवत नाही. पीटरलाही ते कळते. या क्षणात जे काही आहे ते दोघांच्या नजरेत आहे. संवाद तर जवळजवळ थट्टेचा आहे.

दुसरा प्रसंग मेजवानीतला. मृत स्पायडरमॅनच्या सन्मानार्थ ही मेजवानी खुद्द फिस्कनेच दिली आहे आणि वाढप्यांना स्पायडरमॅनचे मुखवटे चढवले आहेत. त्या गर्दीत खरा स्पायडरमॅन वाढपी म्हणून खपून जातो. पाहुण्यांत मेरी जेन आहे: या विश्वातली, विधवा. ती त्याला वाढपी समजून पाव मागते. तो पावाबद्दल क्षमा मागू लागतो आणि मागतच राहतो. हवे तेव्हा आपण जवळ नव्हतो, पुन्हा संधी मिळाली तर असे होणार नाही, असे काहीसे बोलतो. तिला वाटते, या माणसाला पावाचे एवढे काय? प्रेक्षक हसतो, आणि हसताहसता त्याला कळते की ही क्षमा चुकीच्या बाईकडे मागितली जात आहे. जिच्याकडे मागायची ती दुसऱ्या विश्वात आहे आणि तिथे परत जाण्याचे धैर्य या माणसात अजून नाही. चित्रपटाच्या अखेरीस तो स्वतःच्या विश्वात परततो आणि फुले घेऊन स्वतःच्या मेरी जेनच्या दारात उभा राहतो. दारापुढे काय घडते ते चित्रपट दाखवत नाही.

फिस्कचे यंत्र शेवटी चालते. भिंती विरळ होतात, व्हनेसा आणि रिचर्ड दिसू लागतात, आणि त्यांच्या दृष्टीस पडतो तो एका पोराला जिवे मारू पाहणारा फिस्क. ती भेदरतात आणि निघून जातात, पहिल्यांदा गेली तशीच. प्रत बदलली म्हणून जे तुटले ते सांधले जात नाही, हे इथे घटनेतून सिद्ध होते. त्यामुळेच या चित्रपटात मेलेला पीटर मेलेलाच राहतो, आणि माइल्सचा काका ॲरन मरतो तेव्हा त्याची दुसरी प्रत कुठे असेल हा विचार प्रेक्षकाच्या मनाला शिवत नाही.

काका गेल्यावरचा प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. माइल्स वसतिगृहाच्या खोलीत कोसळून बसला आहे. इतर रूपे एकेक करून आत येतात. पीटर सांगतो, त्याच्या बाबतीत तो बेन काका होता. ग्वेनच्या बाबतीत जिवलग मित्र. काळ्या-पांढऱ्या विश्वातून आलेल्या गुप्तहेराच्या बाबतीतही काकाच. भविष्यातल्या जपानी मुलीच्या बाबतीत वडील. कार्टूनच्या जगातले डुक्कर, जे तोवर केवळ हशा पिकवत होते, तेही थट्टा बाजूला ठेवून सांगते की या कामात प्रत्येकाला वाचवता येत नाही. आतापर्यंत प्रेक्षकाने या मंडळींना पोशाखांवरून, चित्रशैलीवरून ओळखले होते. इथे प्रथमच कळते की ही एकाच पात्राची रूपे का आहेत. पोशाख, शक्ती, नाव हे काही खरे समान अंग नव्हे. प्रत्येकाच्या हातून एक माणूस निसटला आहे, हे ते समान अंग. आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा आहे.

तरी इथे एक उणीव नोंदवली पाहिजे. जपानी मुलगी पेनी पार्कर हिला या प्रसंगात एक वाक्य मिळते, पण त्यामागे काही दिसलेले नसते. तिचे यंत्र देखणे आहे, तिची चित्रशैली अचूक आहे, तिचा फाटा मात्र प्रेक्षकाला सांगितला गेला तेवढाच राहतो, अनुभवाला येत नाही. दोन तासांत मनापासून सांभाळता येतील अशी रूपे दोन किंवा तीन. पुढची सारी शोभेची होतात. चित्रकथांच्या प्रकाशकांना हे फार आधी पटले होते. 1961 साली ‘फ्लॅश’च्या 123व्या अंकात तरुण बॅरी ॲलन आणि 1940 सालापासूनचा जुना फ्लॅश जे गॅरिक यांची भेट घडवली गेली. दोन विश्वे, दोन माणसे. एकाच्या डोक्यावर पंखांचे लोखंडी शिरस्त्राण आणि कानशिलांवर पिकलेले केस, दुसऱ्याचा अंगभर लाल पोशाख. हिशेब सोपा होता. पुढे विश्वांची संख्या इतकी वाढली की 1985–86 मध्ये त्याच प्रकाशनाला एक प्रदीर्घ कथामालिका रचून ती सारी विश्वे मोडीत काढावी लागली.

चित्रशैलीचा उल्लेख आला आहे तर तिच्या कारागिरीतली एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण ती बहुतेकांना दिसते पण जाणवत नाही. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात. पात्राची मुद्रा प्रत्येक चौकटीत बदलली तर हालचाल गुळगुळीत होते. एकच मुद्रा दोन चौकटी धरून ठेवली तर सेकंदाला बाराच मुद्रा होतात आणि हालचाल किंचित अडखळते. जंगलातल्या पाठलागात पीटर आणि माइल्स एकाच दृश्यात झाडांवरून झेपावतात. पीटर दर चौकटीला बदलतो, माइल्स दर दोन चौकटींना. एक मुरलेला, एक शिकाऊ. हे सांगायला एकही शब्द खर्ची पडत नाही. माइल्स जसजसा तयार होतो, तसतशी त्याची हालचालही भरत जाते. वेगळेपण इथे रंगात वा कपड्यात नाही, काळाच्या मोजणीत आहे, आणि ते पात्राच्या वाढीला बांधलेले आहे.

कपड्यालाही अर्थ देता येतो, तो असा. माइल्स आरंभी दुकानातला स्पायडरमॅनचा पोशाख आणतो. तो त्याच्या अंगावर शोभत नाही. दुसऱ्याचा पोशाख आहे हे लगेच कळते. शेवटी तो मेकडे जातो, मृत पीटरच्या संग्रहातला पोशाख घेतो आणि त्यावर फवाऱ्याने काळा रंग मारतो. रंगाचा फवारा कुठून आला? भिंतीवर चित्रे काढायला त्याला काका ॲरनने नेले होते. खाली पीटरचे कापड, वर काकाने शिकवलेली कला. मग तो उंच इमारतीवरून उडी घेतो. बोटे अजून घाबरलेली, म्हणून काचेला चिकटलेली. काच फुटते आणि तिचे तुकडे बोटांसह निघतात. कॅमेरा उलटा धरलेला आहे, त्यामुळे खाली पडणारा मुलगा वर चढताना दिसतो.

पुढचा भाग, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, 2023 साली आला आणि त्यात एका रूपाचा संबंध थेट मुंबईशी आहे. पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन 2004 साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी चित्रकथेत आणला. तिथे तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसणारा मुलगा आहे. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय, बेन काकांचे भीम काका. कल्पना गमतीची, पण आद्याक्षरे जुळवण्यात फार शक्ती खर्च झाली. गोष्टीचे वळण जवळपास तेच राहिले. स्थळ बदलणे म्हणजे फाटा काढणे नव्हे.

चित्रपटातला पवित्र मात्र खराखुरा वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा धोतरात नाही. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिसळणीतून केलेल्या ‘मुंबॅटन’ शहरात तो आनंदात आहे. केस सुरेख, मैत्रीण गायत्री, तिचे वडील पोलीस निरीक्षक. काम त्याला सोपे वाटते. ज्या हानीतून प्रत्येक स्पायडरमॅन जातो, ती त्याच्या वाट्याला अजून आलेली नाही. त्या वसतिगृहाच्या खोलीत त्याला सांगण्यासारखे काही नसते. पहिला चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला ही उणीव तत्काळ जाणवते आणि तो पवित्रच्या प्रत्येक विनोदावर हसताना धास्तावलेला असतो. ठरल्याप्रमाणे निरीक्षकावर मरणप्रसंग येतो. माइल्स मध्ये पडून त्याला वाचवतो. मग वाद उभा राहतो. मिगेल ओहारा नावाचा, भविष्यातल्या विश्वातला स्पायडरमॅन म्हणतो की ही हानी प्रत्येकाच्या कथेत ठरलेली आहे, ती चुकवली तर विश्व कोसळते. याच मिगेलने एकदा दुसऱ्या विश्वात आपली प्रत मेलेली पाहून तिची जागा घेतली होती, तिच्या लहान मुलीचा बाप होऊन राहिला होता, आणि ते विश्व त्याच्या डोळ्यांसमोर नष्ट झाले. फिस्कने प्रत ओढून आणायची ठरवली. मिगेल स्वतःच प्रत बनून गेला. रस्ता तोच.

या दुसऱ्या भागात शेकडो स्पायडरमॅन एका दालनात जमलेले दिसतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना फक्त कपडे आहेत. तो दोष मानण्याचे कारण नाही. जत्रेतल्या गर्दीकडून कोणी चरित्राची अपेक्षा करत नाही. दोष तेव्हा होतो, जेव्हा लेखक गर्दीतल्या एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखतो आणि ओळखीचा नट पाहून प्रेक्षकाने टाळी वाजवावी एवढीच अपेक्षा धरतो.

कथेच्या शेवटी माइल्स मिगेलच्या यंत्रातून निसटून घरी परततो. आईला तो आजवर लपवलेली गोष्ट सांगून टाकतो: स्पायडरमॅन तो आपणच. पूर्वी आईने गच्चीवर त्याला जे सांगितले होते, त्याला हे त्याचे उत्तर आहे. मुलगा दूर गेला तरी तो आपले घर विसरणार नाही, असा विश्वास तिला हवा होता. आई शांतपणे ऐकते आणि विचारते, स्पायडरमॅन म्हणजे कोण? यंत्राने माइल्सला त्याच्या घरी पाठवलेले नाही. त्याला चावलेला कोळी ज्या विश्वातला होता, त्या विश्वात पाठवले आहे. तिथे कोळी कोणालाच चावला नाही, म्हणून तिथे स्पायडरमॅन नाही. शहर गुन्हेगारांच्या हाती आहे, वडील मारले गेले आहेत, त्यांचा चेहरा भिंतीवर रंगवलेला आहे आणि काका ॲरन जिवंत आहे. नारळीकरांच्या त्या गोळीसारखाच एक फाटा. थोड्याच वेळात तिथला माइल्स समोर येतो: लांब वेण्या, थंड नजर, काकाच्या जुन्या धंद्याला लागलेला. दोघे एकमेकांकडे पाहतात.

इकडे खऱ्या घरी ग्वेन त्याच्या आईवडिलांपुढे उभी आहे. मुलाचा ठावठिकाणा कोणालाच ठाऊक नाही. आईसाठी जपून ठेवलेले शब्द माइल्सने बोलून टाकले आहेत, आणि जिने ते ऐकायचे होते तिने ते ऐकलेले नाहीत.